धागा: स्पॅनिश मॅनेजरकडे पगारवाढ मागायची आहे, तीही स्पॅनिशमधूनच. बोलणं तपासून द्याल का?

अंबड_जनरलशिफ्ट
नमस्कार मंडळी. अंबडला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे, तीन वर्षं झाली. आमचा मुख्य ग्राहक स्पेनमधला प्लांट आहे. माझं काम ज्या मॅनेजर बघतात त्या सारागोसात बसतात, पगार मात्र इथल्या एचआरकडून होतो. जानेवारीपासून प्लांटच्या सगळ्या तक्रारी मीच स्पॅनिशमध्ये हाताळते. आधी हे काम बाहेरच्या भाषांतरकाराकडे जायचं, त्याचे महिन्याला साधारण २२,००० रुपये लागायचे. उत्तर जायला पाच दिवस लागायचे, आता दोन लागतात.

सध्या वर्षाला ७,२०,००० आहे. ८,६४,००० मागायचे आहेत, ७,९२,००० च्या खाली यायचं नाही. व्हिडिओ कॉलवर अर्धा तास मिळेल. माझं स्पॅनिश बी२ च्या आसपास आहे. मी लिहिलेली सुरुवात अशी:

«किएरो दिस्कुतीर मी सालारियो. नेसेसितो उन आउमेंतो देल बेइंते पोर सिएंतो.»

व्याकरण बरोबर आहे ना? आणि "नाही" आलं तर पुढे काय बोलायचं? तिथे माझी गाडी अडते. (उच्चार देवनागरीत लिहितेय, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.)

सिन्नरकर
थेट इंग्रजीत मागा की. पैशाच्या गोष्टीत परक्या भाषेचा धोका कशाला घ्यायचा?

अंबड_जनरलशिफ्ट
त्यांचं इंग्रजी माझ्या स्पॅनिशपेक्षा कच्चं आहे. आमच्या सगळ्या मीटिंगा स्पॅनिशमध्येच होतात. आणि मी वाढ मागतेय तीच मुळी स्पॅनिशच्या जोरावर.

सिन्नरकर
मग बरोबर आहे. शब्द मागे.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
ताई, व्याकरण बरोबर आहे, पण दोन्ही वाक्यं बदला.

«दिस्कुतीर» हा इंग्रजीसारखा दिसणारा शब्द आहे आणि तो फसवतो. स्पॅनिशमध्ये त्यात वाद घालण्याचा, हुज्जत घालण्याचा वास आहे. तुम्ही "चर्चा करू" म्हणताय आणि समोरच्या बाईंच्या कानावर "मला पगारावरून भांडायचंय" असं काहीतरी पडतंय. «आब्लार दे» किंवा «कोमेंतार» वापरा. «देमांदार» हा शब्दही चुकून काढू नका, त्याचा रोजचा अर्थ कोर्टात खेचणं.

«किएरो» म्हणजे "मला पाहिजे". दुकानात चालेल, इथे नाही. «केरीआ» म्हणा. रूप भूतकाळाचं आहे, पण काम आपल्या "जरा बोलायचं होतं"चं करतं. आपणही "बोलायचंय" न म्हणता "बोलायचं होतं" म्हणून धार कमी करतो ना, अगदी तसंच. त्यामुळे मराठी माणसाला हे पाठ करावं लागत नाही, फक्त आठवावं लागतं.

«नेसेसितो» पूर्ण काढा. गरज तुमची आहे, ती कंपनीला वाढ देण्याचं कारण होत नाही. घरभाडं, मुलांची फी, गॅस सिलिंडर यांतलं काहीही तिथे काढू नका. इथल्या साहेबासमोर कधीकधी चालून जातं, पण तिथे त्यांना फक्त अवघडल्यासारखं होईल.

सुरुवात अशी करा:

«ग्रासियास पोर एल तिएम्पो. केरीआ आब्लार कोंतिगो दे उना रेविसियोन दे मी सुएल्दो.»

म्हणजे "वेळ दिल्याबद्दल आभार. माझ्या पगाराच्या फेरविचाराबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं." «रेविसियोन» हा शब्द मुद्दाम घेतलाय. «आउमेंतो» चुकीचा नाही, स्पेनमध्ये «सुबीदा» जास्त कानावर येतो, पण पहिल्याच वाक्यात "वाढ" शब्द न आणता "फेरविचार" म्हटलं की समोरच्याला लगेच हो किंवा नाही म्हणावं लागत नाही.

निफाडची_थंडी
एक मोठी चूक राहिली आहे. «कोंतिगो» म्हणजे एकेरी झालं. मॅनेजरला नेहमी «उस्तेद» म्हणायचं असतं, म्हणजे «कोन उस्तेद». आदरार्थी वापरलं की कधीच चूक होत नाही. आम्हाला क्लासला हेच शिकवलंय.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
अर्धं बरोबर आहे. ओळख नसलेल्या वरिष्ठाशी, मुलाखतीत किंवा मेक्सिकोतल्या साहेबाशी सुरुवात «उस्तेद»ने करणं शहाणपणाचं. पण स्पेनच्या ऑफिसांत आता एकेरी «तू» अगदी नेहमीचं आहे, वरिष्ठांशीसुद्धा. त्यात आपल्या "अरे-तुरे"चा उद्धटपणा नाही.

"कधीच चूक होत नाही" हे इथे खरं नाही. तीन वर्षं «तू» चाललंय आणि नेमक्या पगाराच्या मीटिंगला तुम्ही «उस्तेद» काढलंत, तर ते आदराचं न वाटता कोरडं वाटेल. बाईंना वाटेल, ही राजीनामा द्यायला आली की काय.

अंदाज बांधायची गरज नाही. त्यांचे जुने संदेश काढा. त्या तुम्हाला «ते मांदो», «पुएदेस» लिहीत असतील तर «तू». «ले एन्वीओ», «पुएदे» लिहीत असतील तर «उस्तेद».

अंबड_जनरलशिफ्ट
आत्ताच पाहिलं. सगळीकडे «ते मांदो». पहिल्याच महिन्यात त्या «तुतेआमे» म्हणाल्या होत्या, तेव्हा अर्थ कळला नव्हता 😅

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
"मला एकेरीत बोल." मिटला प्रश्न.

भद्रकाली_काका
माझा भाचा पुण्याला कॉल सेंटरला आहे, त्याला स्पॅनिश भाषेचा वेगळा भत्ता मिळतो. इथे नाशिकमध्ये स्पॅनिशचा चांगला क्लास कुठे आहे? कॉलेज रोडला एक होता. आणि व्हिसाला किती लेव्हल लागते?

निफाडची_थंडी
काका, धागा पगारवाढीचा आहे. व्हिसाचा नाही.

भद्रकाली_काका
बरं बरं. पण भत्त्याचं बघा म्हणजे झालं.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
काकांचा भत्ता पुढे खरंच कामाला येणार आहे, थांबा.

आधी कारणं. तुमच्याकडे तीन आहेत आणि तीन पुरतात. क्रम असा ठेवा: काम बदललं, त्याचा परिणाम दिसला, पैसे वाचले. प्रत्येकाला एकच वाक्य.

«येवो त्रेस आन्योस एन एल एकिपो इ एस्तोइ मुइ कोंतेंता.»
तीन वर्षं टीममध्ये आहे आणि खूश आहे.

«देस्दे एनेरो मे एंकार्गो दे लास रेक्लामासियोनेस एन एस्पान्योल.»
जानेवारीपासून स्पॅनिशमधल्या तक्रारी मी सांभाळते.

«एल तिएम्पो दे रेस्पुएस्ता आ बाखादो दे सिंको दीआस आ दोस.»
उत्तराचा वेळ पाच दिवसांवरून दोनवर आला.

«इ या नो पागामोस त्रादुक्सियोन एक्स्तेर्ना, के एरान उनास बेइंतिदोस मिल रुपियास आल मेस.»
आणि बाहेरच्या भाषांतराचे महिन्याचे सुमारे २२,००० रुपये आता लागत नाहीत.

दोन जागा सांभाळा. पहिली, «येवो त्रेस आन्योस». "आहे"साठी «सोइ» किंवा «एस्तोइ» घेऊन "तीन वर्षांसाठी आहे" अशी वाक्यरचना करू नका. स्पॅनिश माणूस "तीन वर्षं वाहतोय" म्हणतो. दुसरी, «देस्दे एनेरो»नंतर साधा वर्तमानकाळ, कारण काम अजून चालू आहे. मराठीतही आपण "जानेवारीपासून सांभाळते" असंच म्हणतो.

काटेकोर
दोन प्रश्न.

१. ते २२,००० कोणाच्या खिशातून जायचे? इथल्या खरेदी खात्यातून जात असतील तर सारागोसातल्या बाईंच्या बजेटमध्ये ते कधी दिसलेच नाहीत. त्यांच्यासाठी ती बचत नाही, नुसती बातमी आहे.

२. ७,२०,००० म्हणजे सीटीसी की ग्रॉस?

अंबड_जनरलशिफ्ट
१. प्लांटच्या खात्यावर डेबिट व्हायचे, म्हणजे त्यांच्याच बजेटमधून.
२. सीटीसी. फरक पडतो का? स्पॅनिशमध्ये «ब्रुतो» म्हणणार होते.

काटेकोर
मग बचतीचं कारण खणखणीत आहे. वर्षाचे २,६४,००० वाचतात आणि तुम्ही मागताय १,४४,००० जास्त. ही वजाबाकी मात्र स्वतः बोलून दाखवू नका, त्यांना मनात करू द्या.

दुसऱ्याने पुष्कळ फरक पडतो. स्पेनमध्ये «ब्रुतो आनुआल» म्हणजे कर आणि कामगाराचा सामाजिक सुरक्षेचा वाटा कापण्याआधीचा वर्षाचा पगार. मालक स्वतःच्या बाजूने जो वाटा भरतो तो त्यात धरत नाहीत. आपल्या सीटीसीत मालकाचा पीएफ असतो, बऱ्याच ठिकाणी ग्रॅच्युइटीही असते. म्हणजे तुमचा ७,२०,००० हा त्यांचा «ब्रुतो» नाही. त्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे: «कोस्ते तोताल पारा ला एंप्रेसा», कंपनीला पडणारा एकूण खर्च.

«ब्रुतो» म्हणालात तर काय होईल? बाई ८,६४,००० ग्रॉस समजून इथल्या एचआरला लिहितील. एचआर त्यावर मालकाचा पीएफ चढवून हिशेब करेल, आकडा फुगेल आणि उत्तर येईल "एवढं बसत नाही". किंवा उलटं: मान्य होईल, पण एचआर तोच आकडा सीटीसी धरेल आणि तुम्ही विचाराल की हातात कमी का. दोन्हीकडे कोणी खोटं बोललेलं नसेल.

अंबड_जनरलशिफ्ट
बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. मग आकड्याचं वाक्य कसं करू?

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
«पोर एसो केरीआ प्रोपोनेर्ते पासार दे सेतेसिएंतास बेइंते मिल आ ओचोसिएंतास सेसेंता इ कुआत्रो मिल रुपियास आल आन्यो, कोस्ते तोताल पारा ला एंप्रेसा. कोमो लो बेस?»

"म्हणून ७,२०,००० वरून ८,६४,००० वर जावं असं सुचवायचं होतं, वर्षाला, कंपनीचा एकूण खर्च धरून. तुला कसं वाटतं?"

आकडे बोलताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

लाख नाही. सात लाख वीस हजार म्हणजे "सातशे वीस हजार". सरावाशिवाय हे तोंडातून येत नाही, भर मीटिंगमध्ये मनात भागाकार सुरू होतो. त्यामुळे तुमचे चार-पाच आकडे आधीच पाठ हवेत. आणि ७०० म्हणजे «सिएते सिएंतास» नव्हे, «सेतेसिएंतास».

रुपया त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे, «ला रुपिया». म्हणून शेकडाही स्त्रीलिंगी होतो: «सेतेसिएंतास», «ओचोसिएंतास». «सिएंतोस» म्हटलं तर समजेल, पण जिने भाषेच्या जोरावर वाढ मागायची तिने नेमकं तिथे चुकू नये.

आणि «सेसेंता» साठ, «सेतेंता» सत्तर. कॉलवर आवाज जरा फाटला की ८६४ चं ८७४ होतं. आकडा बोलल्यावर लगेच चॅटमध्ये टाका.

काटेकोर
चॅटमध्ये आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन टाकू नका. स्पेनमध्ये स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, त्यामुळे आठ, मग चौसष्ट, मग तीन शून्यं हा प्रकार त्यांना वाचताच येणार नाही. `864.000` असं टाका. तिथे हजारानंतर टिंब देतात.

गोदाकाठ_रनर
माझे बॉस मेक्सिकोचे आहेत, केरेतारोचे. हीच स्क्रिप्ट चालेल ना? माझा पगार १० लाख आहे, १२ मागायचे आहेत.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
सांगाडा चालेल, कपडे बदला. «कोंतिगो»च्या जागी «कोन उस्तेद», «प्रोपोनेर्ते»च्या जागी «प्रोपोनेर्ले», शेवटी «कोमो लो बे?». तेसुद्धा त्यांनी स्वतः «तू» सुरू केलं नसेल तरच. «आ बाखादो»पेक्षा तिकडे साधा भूतकाळ जास्त ऐकू येतो, «बाखो», शेवटच्या ओ-वर जोर देऊन. «सुबीदा» सोडा, «आउमेंतो» घ्या. «कोस्ते»चं तिकडे «कोस्तो» होतं. आणि मेक्सिकोत हजारानंतर स्वल्पविरामच देतात, म्हणजे वरचा चॅटचा सल्ला तुम्हाला उलटा लागू.

दहा लाखांची एक गंमत आहे. नेमके दहा लाख म्हणजे «उन मियोन दे रुपियास», मध्ये «दे» हवा. बारा लाख म्हणजे «उन मियोन दोसिएंतास मिल रुपियास», इथे «दे» नको. मियोननंतर आणखी आकडा आला की «दे» गळतो.

गोदाकाठ_रनर
ते कायम «आओरिता लो बेमोस» म्हणतात. म्हणजे "आत्ता बघू", बरोबर?

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
मेक्सिकन «आओरिता» म्हणजे आत्ता, थोड्या वेळाने किंवा कधीच नाही. आपल्या "बघू"चा सख्खा भाऊ. तारीख विचारल्याशिवाय त्याला काही किंमत नाही.

अंबड_जनरलशिफ्ट
मॅडम, आता "नाही"कडे या ना 🙏

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
आले. स्पेनमध्ये सरळ "नाही" फारसं ऐकू येणार नाही. ऐकू येईल ते हे:

«आओरा मिस्मो एस्ता कोंप्लिकादो.» "सध्या जरा अवघड आहे." हे सभ्य "नाही" आहे.

«लो मीरो इ ते दीगो आल्गो.» "बघते आणि कळवते." हे "हो" नाही. "नाही"ही नाही.

«बाले, बाले.» याला सगळे फसतात. शब्दाचा अर्थ "ठीक", पण तुम्ही बोलत असताना आलेला «बाले» म्हणजे "हं, हं, ऐकतेय". मंजुरी समजून आभार मानायला जाऊ नका.

"अवघड आहे" आल्यावर लगेच आकडा खाली आणू नका. आधी हा प्रश्न:

«लो एंतिएंदो. एस पोर एल इंपोर्ते ओ पोर एल मोमेंतो?»
"समजलं. अडचण रकमेची आहे की वेळेची?"

याच्या उत्तरावर पुढचा रस्ता ठरतो. न विचारता माघार घेतली तर चुकीच्या दिशेने माघार होते. अडचण वेळेची असताना तुम्ही रक्कम सोडून मोकळ्या.

वेळेची असेल तर: «पोद्रीआमोस फिखार्लो पारा आब्रिल?» एप्रिलसाठी आत्ताच ठरवून ठेवू या का? तुमच्या इथल्या एचआरचं चक्र एप्रिलचं असेल तर हे त्यांना सोपं जातं.

रकमेची असेल तर दोन हप्ते: «इ सी लो आसेमोस एन दोस त्रामोस?» आत्ता १० टक्के, एप्रिलला १० टक्के.

काटेकोर
टक्क्यांत बोलू नका, आकड्यात बोला. १० टक्के आत्ता म्हणजे ७,९२,०००. त्यावर पुन्हा १० टक्के म्हणजे ८,७१,२००. तुमचा मूळ आकडा ८,६४,०००. एप्रिलमध्ये एकजण म्हणेल १० टक्के मूळ पगारावर, दुसरा म्हणेल नव्या पगारावर. «सेतेसिएंतास नोबेंता इ दोस मिल आओरा इ ओचोसिएंतास सेसेंता इ कुआत्रो मिल एन आब्रिल» एवढं म्हटलं की वाद उरत नाही.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
मान्य, माझी चूक. आकडेच घ्या.

दोन्ही दारं बंद झाली तर पगाराला हात न लावणारं काहीतरी मागा. इथे काकांचा भत्ता येतो: «कोंप्लेमेंतो दे इदिओमा», भाषेचा भत्ता. मूळ पगाराच्या श्रेणीत तो बसत नाही म्हणून कधीकधी तो मंजूर करणं सोपं जातं. तोही नाही तर «देले» परीक्षेची फी. ती इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेसची परीक्षा आहे, प्रमाणपत्राची मुदत संपत नाही, आणि सी१ हातात आली की पुढच्या वर्षीचं कारण तयार.

«सी नो पुएदे सेर, ला एंप्रेसा पोद्रीआ पागार एल एक्सामेन देले?»

«सी»नंतर «सेरीआ» लावायचा मोह होतो, "जर शक्य असतं तर" असं मनात येतं म्हणून. «सी सेरीआ पोसिब्ले» म्हणू नका, शिकाऊ माणूस तिथे लगेच ओळखू येतो. «सी नो पुएदे सेर» साधं आहे आणि बरोबर आहे.

आणि काहीच नाही मिळालं तर निदान अट आणि तारीख घेऊन उठा:

«के तेंद्रीआ के कोंसेगीर पारा के लो बोल्बामोस आ बेर एन आब्रिल?»
"एप्रिलमध्ये पुन्हा बघायचं असेल तर मी काय करून दाखवायला हवं?"

भद्रकाली_काका
बघा, म्हटलं नव्हतं भत्त्याचं बघा म्हणून!

सिन्नरकर
"दुसरीकडून ऑफर आहे" हे सांगायचं की नाही? माझ्या मते सगळ्यात जोरदार कारण तेच.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
ऑफर हातात असेल आणि जायची तयारी असेल तरच, आणि शेवटी. «तेंगो ओत्रा ओफेर्ता» सुरुवातीला टाकली की आधीच्या तीन कारणांना अर्थ राहत नाही.

काटेकोर
माझं मत वेगळं आहे. मॅनेजरला वर जाऊन भांडायला काहीतरी हत्यार लागतं आणि ऑफरइतकं सोपं हत्यार दुसरं नाही. मात्र कागदावरची हवी, हवेतली नको.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
"वर जाऊन"वरून आठवलं. ताई, पगार इथून होतो, म्हणजे बाई एकट्या "हो" म्हणूच शकत नसतील. तसं असेल तर मंजुरी न मागता पाठिंबा मागा: «पोद्रीआ कोंतार कोन तु आपोयो पारा प्लांतेआर्लो आ रेकुर्सोस उमानोस?» "एचआरकडे मांडायला तुझा पाठिंबा धरू का?" ज्या माणसाच्या हातात नाही ते त्याच्याकडे मागितलं की त्याला "अवघड आहे"शिवाय दुसरं उत्तरच राहत नाही.

निफाडची_थंडी
मीटिंग कधी मागायची? ऑगस्ट सोडून ना?

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
हो, ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये निम्मं ऑफिस सुटीवर असतं. बजेट वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर ऑक्टोबर चांगला, पुढच्या वर्षाचे आकडे तेव्हा ठरत असतात. वेळ त्यांची सकाळी १० ची घ्या. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला जेवण असतं. निमंत्रणाचा संदेश छोटा:

«तेंद्रीआस मेदिया ओरा एस्ता सेमाना? मे गुस्तारीआ कोमेंतार कोंतिगो मी एवोलुसियोन एन एल एकिपो इ मिस कोंदिसियोनेस.»

«कोंदिसियोनेस» म्हटलं की विषय पगाराचा आहे हे त्यांना कळतं. न सांगता अचानक काढू नका, त्यांनाही आकडे बघून यायला वेळ हवा.

काटेकोर
ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी त्यांचे १० म्हणजे आपले दुपारचे दीड, त्यानंतर अडीच. कॅलेंडरचं निमंत्रण त्यांनाच पाठवायला सांगा.

गोदाकाठ_रनर
उच्चारांचं काय? माझा बॉस दर वेळी «कोमो?» विचारतो.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
बहुतेक तुम्ही इंग्रजीच्या वळणाने बोलताय. स्पॅनिश त आणि द हे आपले दंत्य त-द आहेत. ट-ड अजिबात नाहीत. प आणि क मध्ये हवा सोडायची नाही, फ-ख होऊ द्यायचे नाहीत. इंग्रजी विसरून मराठी तोंडाने वाचा. मी इथे «सिएंतास», «ग्रासियास» मध्ये स लिहिलाय, मेक्सिकोत तसाच आहे. स्पेनमध्ये बऱ्याच ठिकाणी त्या जागी जीभ दातांत धरून केलेला थ-सारखा आवाज येतो. तुम्ही स म्हणा, कळतं. फक्त त्यांचा थ ऐकून गोंधळू नका.

अंबड_जनरलशिफ्ट
सगळं एकत्र करून आज मोठ्याने वाचलं, प्रस्ताव संपेपर्यंत दीड मिनिट लागलं. शेवट असा ठेवलाय:

«ते पारेसे सी ते लो रेसूमो पोर कोर्रेओ?»

"ईमेलवर थोडक्यात लिहून पाठवू का?" बरोबर आहे? आणि «कोमो लो बेस» नंतर त्या गप्प बसल्या तर मी काही बोलायचं का?

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
शेवट छान. ईमेल त्याच दिवशी पाठवा, आकडे आणि तारीख घालून.

गप्प बसल्या तर तुम्हीही गप्प. तिथे आपण घाबरून "कमी असेल तरी चालेल" म्हणून टाकतो आणि स्वतःच ७,९२,००० वर येतो. पाण्याचा ग्लास जवळ ठेवा, घोट घ्या.

सिन्नरकर
पण आकडा आधी आपणच का सांगायचा? त्यांनाच आधी बोलू द्यावं ना. त्या कदाचित नऊ म्हणतील.

काटेकोर
नोकरी बदलताना ठीक. चालू नोकरीत पगार त्यांना माहीत असतो, तुम्ही आकडा दिला नाही तर त्या वार्षिक वाढीचे नेहमीचे टक्के सांगतील आणि बोलणी तिथून सुरू होतील.

ग्रंथालयाच्या_पायऱ्या
इथे मी काटेकोरांच्या बाजूने आहे, पण सिन्नरकरांचं म्हणणं मानणारेही खूप भेटतील.

निफाडची_थंडी
ताईंच्या वाक्यात «कोंतेंता» का? आम्हाला «कोंतेंतो» शिकवलंय.

अंबड_जनरलशिफ्ट
मी बाई आहे म्हणून 🙂 मीटिंग मागितली आहे. उत्तर आलं: «बाले, लो मीरो.»